आधी आबांना आत बोलवा

"यांचा मुलगा कोण? तुम्ही जरा आत या. बाबांना बाहेर बसू द्या."

हे वाक्य तुमच्यातल्या कित्येकांनी ऐकलं असेल, बाकीचे पुढेमागे ऐकतीलच. मी ते दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका दवाखान्यात ऐकलं आणि गुपचूप आत गेलो. आबा बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. शेजारी आई. आत दहा मिनिटांत मला आबांच्या मेंदूबद्दल जे सांगण्यात आलं, ते खुद्द आबांना कळायला पुढे चार महिने लागले. कारण सांगायचं माझ्याकडे होतं आणि मी सांगितलं नाही. हा लेख त्या चार महिन्यांबद्दल आहे. पण आत काय सांगितलं ते समजायचं तर आधी आबांची झोप समजून घ्यावी लागेल.

आबा एसटीत ड्रायव्हर होते. वाई-महाबळेश्वर, वर्षानुवर्षं पसरणी घाट. निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांनी ते झोपेत गाडी चालवायला लागले. म्हणजे अक्षरशः. पहाटे चारच्या पुढे कधीतरी दोन्ही हात वर यायचे, स्टिअरिंग गरगर फिरायचं आणि उजवा पाय पलंगाच्या फळीवर दाणकन आदळायचा. ब्रेक. सोबत "धरा, धरा!" अशी आरोळी. दिवसा आबांचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही, ही आरोळी मात्र गल्लीत ऐकू जायची. हाक मारून जागं केलं की लगेच भानावर यायचे आणि स्वप्न सांगायचे: ब्रेक लागत नव्हता, समोरून ट्रक येत होता, किंवा कुणीतरी केबिनमध्ये चढून त्यांना खाली ओढत होतं.

घरात यावर प्रत्येकाने आपापला उपाय शोधला. काका म्हणाले, घाटात एवढे अपघात झालेत, काहीतरी सोबत आलं असणार, आणि उशीखाली लिंबू ठेवून गेले. मी त्याहून शहाणा, म्हणून मी व्हिडिओ काढला. 'आबांची नाईट ड्युटी' असं नाव देऊन घरच्या ग्रुपवर टाकला, आणि दिवसभर हसून डोळ्यांतून पाणी आलेल्या इमोजींची रांग लागली. आईने ना लिंबू ठेवलं ना इमोजी टाकला. तिने मधे उशी लावली, मग लोड लावला, मग गादी खाली घेतली. एका पहाटे तिचा ओठ फुटला तेव्हा तिने भिशीच्या बायकांना सांगितलं की कपाटाचं दार लागलं. बायकांनी काय समजायचं ते समजून घेतलं, आणि नंतर बरेच दिवस त्या आबांशी तुटक बोलत होत्या. आबांना कारण कळेना, कारण त्यांनाही आईने कपाटच सांगितलं होतं.

आता झोपेकडे येतो. रात्रभर आपली झोप एकसारखी नसते. साधारण दीड-दीड तासाची चक्रं चालतात आणि प्रत्येक चक्राच्या शेवटाकडे एक टप्पा येतो, ज्यात बंद पापण्यांआड बुबुळं झपाझप हलतात. 1953 साली शिकागोत युजीन ॲसरिन्स्की आणि नथॅनियल क्लाइटमन यांनी हा टप्पा नोंदवला. रॅपिड आय मूव्हमेंट, म्हणून रेम झोप. या टप्प्यात मेंदूचा आलेख जवळजवळ जागेपणीसारखा दिसतो, आणि सगळ्यात जिवंत, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक याच वेळी पडतात. पहिल्या चक्रात हा टप्पा जेमतेम काही मिनिटांचा असतो, पहाटेकडे तो लांबत जातो. आबांची गाडी चारनंतरच का सुटायची, त्याचं उत्तर हे.

स्वप्नात तुम्ही धावता तेव्हा मेंदूतला हालचालींचा विभाग खरोखरच कामाला लागलेला असतो. मग आपण सगळेच रोज पहाटे पलंगावरून का पडत नाही? कारण मानेच्या वर, मेंदूच्या देठात पॉन्स नावाचा भाग आहे आणि तिथल्या पेशींचा एक छोटा पुंजका रेम झोपेत एक फार मोठं काम करतो. तिथून निघालेला निरोप खालच्या मेडुलामार्गे मज्जारज्जूत पोचतो, तिथे ग्लायसीन आणि गाबा ही रसायनं स्नायूंना हलवणाऱ्या पेशींना गप्प करतात, आणि हात, पाय, मान, हनुवटी सगळं लुळं पडतं. श्वास चालू ठेवणारं श्वासपटल आणि डोळ्यांचे स्नायू तेवढे सुटतात. पुढे आबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एका वाक्यात आटपलं: "म्हणजे इंजिन चालू, पण क्लच दाबलेला." मला याहून चांगलं सांगता येणार नाही.

तुमच्यापैकी काहींना हा क्लच प्रत्यक्ष भेटला असेल. जाग येते, खोली दिसते, पण बोटही हलत नाही, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. कोकणापासून विदर्भापर्यंत त्या बसणाऱ्याला वेगवेगळी नावं आहेत. खरं घडतं ते एवढंच की जाग आधी आली आणि क्लच सुटायला उशीर झाला. भीती प्रचंड, धोका जवळपास शून्य. विद्यार्थ्यांमध्ये, अपुऱ्या आणि वेळीअवेळी झोपणाऱ्यांमध्ये हे बरंच आढळतं.

आबांचं याच्या बरोबर उलट होतं. क्लच दाबलाच जात नव्हता.

असं होऊ शकतं हे माणसाआधी मांजरांत दिसलं. फ्रान्समध्ये लिऑनला मिशेल जुवे यांनी 1960च्या दशकात मांजरांच्या पॉन्समधला तो ठरावीक भाग निकामी केला. मांजरं व्यवस्थित झोपत, आणि रेम झोप सुरू झाली की उठून समोर नसलेल्या उंदरावर झडप घालत, नसलेल्या शत्रूवर फिस्कारत. आसपासच्या खऱ्या जगाची मात्र त्यांना दाद नसे. माणसांत हाच प्रकार एक स्वतंत्र आजार म्हणून 1986 साली अमेरिकेत मिनिआपोलिसच्या कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी मांडला. त्यांच्या पहिल्या रुग्णांपैकी एक सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ होते. स्वप्नात ते फुटबॉल खेळत होते, प्रतिस्पर्ध्याला खांद्याने धडक दिली, आणि जाग आली तेव्हा खोलीतल्या ड्रेसरला धडकलेले होते. आजाराचं नाव रेम स्लीप बिहेविअर डिसऑर्डर, आरबीडी. साठीपुढच्या शंभरांत साधारण एकाला तो असतो, आणि बहुतेकांच्या घरी तो विनोद, बाधा किंवा 'स्वभाव' म्हणून खपून जातो.

झोपेतला प्रत्येक आरडाओरडा म्हणजे आरबीडी नव्हे, हे इथेच सांगायला हवं, नाहीतर आज रात्री तुम्ही घरच्यांचे व्हिडिओ काढत बसाल. झोपेत चालणारं पोर रात्रीच्या पहिल्या भागात, गाढ झोपेतून उठतं, डोळे उघडे असतात, उठवलं तर गोंधळतं आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. आरबीडीवाला पहाटे, डोळे मिटून, बहुधा पलंगातच राहून मारामारी करतो, उठवलं तर चटकन जागा होतो आणि स्वप्न सांगतो. त्याची झटापट आणि त्याचं स्वप्न जुळतं. याशिवाय घोरता घोरता श्वास अडकणाऱ्यांचं गुदमरून हातपाय झाडणं थेट असंच दिसतं. अपस्माराचे रात्रीचे झटके असतात. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही रेमचा हा क्लच ढिला पडतो. म्हणून लक्षणं ऐकून आरबीडीचा संशय घेता येतो, शिक्का मारता येत नाही. शिक्क्यासाठी झोपेच्या प्रयोगशाळेत एक रात्र काढावी लागते. मनगटावरचं घड्याळ इथे कामाचं नाही. आबांच्या मनगटावर मी माझं बांधून पाहिलं होतं. ते नाडी आणि हालचाल बघून झोपेचा अंदाज बांधतं, स्नायू सैल पडलेत की ताठ आहेत हे मोजायला त्याच्याकडे काहीच नसतं.

प्रयोगशाळेत आबांच्या डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखाली आणि दोन्ही पायांना तारा चिकटवल्या, छाती-पोटाला पट्टे बांधले, बोटाला ऑक्सिजनची चिमटी लावली आणि वर कॅमेरा. आबा म्हणाले, आरटीओनेसुद्धा एवढं तपासलं नव्हतं. सकाळी तंत्रज्ञाने मला स्क्रीन दाखवली. डोळ्यांची रेघ झपाझप वरखाली होत होती, म्हणजे रेम सुरू होती. या वेळी हनुवटीची रेघ सपाट, जवळजवळ मेल्यासारखी हवी. ती जाड, काटेरी होती. पावणेपाचला पायाची रेघ उसळली आणि त्याच क्षणी चित्रफितीत आबांचा उजवा पाय ब्रेकवर गेला. श्वास रात्रभर नीट होता, म्हणजे घोरण्याचा खेळ नव्हता. अहवालावर लिहिलं होतं, 'रेम स्लीप विदाउट अटोनिया'. अटोनिया म्हणजे तो लुळेपणा. माझा 'नाईट ड्युटी'चा व्हिडिओही डॉक्टरांनी मागून घेतला आणि दोनदा पाहिला. ते हसले नाहीत.

त्यानंतर ते वाक्य आलं, आणि मी आत गेलो.

आत जे ऐकलं त्याचा गाभा असा. पॉन्समधला तो पुंजका बहुतेकदा उगाच बिघडत नाही. अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन चुकीचं दुमडून पेशींमध्ये साचत जातं. बऱ्याच जणांत ते मेंदूच्या देठात आधी साचतं आणि नंतर वर सरकतं. वर गेल्यावर ते जिथे पोचतं त्यावरून आजाराचं नाव ठरतं: पार्किन्सन्स, लुई बॉडी डिमेन्शिया, क्वचित मल्टिपल सिस्टिम ॲट्रोफी. म्हणजे हाताचा कंप दिसायच्या कितीतरी वर्षं आधी पहाटेची मारामारी सुरू झालेली असू शकते. 2019 साली वेगवेगळ्या देशांतल्या 24 केंद्रांनी तपासणी करून पक्कं निदान झालेल्या 1280 रुग्णांचा मागोवा एकत्र मांडला. दर वर्षी शंभरातल्या सहाच्या आसपास लोकांना यांपैकी एखादा आजार होत गेला. बारा वर्षांनी हे प्रमाण सुमारे 73 टक्क्यांवर गेलं.

हे सांगून डॉक्टर म्हणाले, "बाबांना एवढं सांगायची गरज नाही. उगाच टेन्शन घेतील. रात्रीची गोळी देतो, मारामारी थांबेल."

गोळी क्लोनाझेपामची होती, अर्धा मिलिग्रॅम. मारामारी खरंच कमी झाली. पण ही गोळी काय किंवा याच कामासाठी देतात ते मेलाटोनिन काय, पहाटेची हालचाल दाबतात. आतल्या प्रथिनाला त्या हात लावत नाहीत. तो साठा थांबवणारं सिद्ध झालेलं औषध आज नाही. डॉक्टरांचा सगळा युक्तिवाद याच्यावर उभा आहे: उपाय नाही, तर सांगून काय उपयोग?

हा युक्तिवाद मूर्ख नाही. झोपेच्या डॉक्टरांमध्ये जगभर यावर वाद आहे. माणूस गोरखपासण्या हातांकडे बघत बसेल, चहाच्या कपातल्या प्रत्येक हिंदकळण्याला आजार समजेल, आणि कदाचित तो त्या सत्तावीस टक्क्यांतला निघेल. मग त्याची बारा वर्षं कुणी खाल्ली? शिवाय आकडा गटाचा असतो, आबांचा नव्हे. त्यांचं वेळापत्रक कुणालाच सांगता येत नाही. हे सगळं मला मान्य आहे.

मला मान्य नाही ते पुढचं. 'सांगू नये' याचा अर्थ इथे 'कुणालाच सांगू नये' असा नव्हता. मला सांगितलं. तीस वर्षांचा मी, ज्याने त्या आजाराचा विनोद करून ग्रुपवर टाकला होता, मी हे पेलू शकतो. आणि धुक्यात, पावसात, पन्नास माणसं घेऊन तीस वर्षं घाट चढलेला माणूस ते पेलू शकत नाही, हे कुणी आणि कशावरून ठरवलं? आपल्याकडे पांढरे केस झाले की माणूस स्वतःच्याच आजाराच्या बाबतीत अज्ञान बालक होतो, आणि त्याचा पालक म्हणून मुलाची नेमणूक होते. मुलगाच, मुलगी शेजारी उभी असली तरी आत बहुधा तिचा भाऊ जातो. याला आपण माया म्हणतो. मला ती सोय वाटते. डॉक्टरांचा अवघड संवाद वाचतो, मुलाला कर्तेपण मिळतं, आणि रुग्ण बाहेर पिशवी सांभाळतो.

आईला बाहेर बसवणं तर वैद्यकीय दृष्ट्याच चूक होतं. आरबीडीचा रुग्ण झोपलेला असतो, साक्षीदार शेजारी झोपणारी व्यक्ती असते. किती वर्षांपासून, आठवड्यातून किती रात्री, कधी लागलं, कुणाला लागलं, हे सगळं आईकडे होतं. मी सुट्टीला घरी जाणारा मुलगा, मी म्हणालो "दोनेक वर्षं असेल". नंतर आईला विचारलं तर ती म्हणाली सहा. आबांना वास येत नाही, फोडणी जळाली तरी कळत नाही, हेही तिने तेव्हाच सांगितलं. वास जाणं हे याच आजाराच्या वाटेवरचं आणखी एक चिन्ह आहे, जुनी बद्धकोष्ठताही तशीच. फायलीत यातलं काहीच नव्हतं.

आणि सांगून उपयोग नाही हे तर साफ खोटं आहे. एकच उदाहरण घेतो, कारण तेवढं पुरेसं आहे. समजा आबा पुढे कधी पडले, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी रात्री भ्रम होणं नेहमीचं. तो सलाइन ओढतो, ओरडतो. ड्युटीवरचा तरुण डॉक्टर त्याला शांत करायला अनेकदा हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन देतो. पण लुई बॉडी डिमेन्शियाकडे वाटचाल सुरू असलेल्यांपैकी बऱ्याच जणांना हे औषध भयंकर बाधतं. शरीर लाकडासारखं ताठरतं, गुंगी उतरत नाही, जीवही जाऊ शकतो. आरबीडी हे 2017 पासून त्या डिमेन्शियाच्या निदानाच्या मुख्य निकषांत आहे. रात्री अडीचला त्या डॉक्टरला 'यांना आरबीडी आहे, हॅलोपेरिडॉल देण्याआधी विचार करा' हे कोण सांगणार? रुग्णाच्या खिशात ते लिहिलेलं असलं तर कुणीही. गुपित माझ्या एकट्याकडे असलं, आणि मी त्या रात्री दुसऱ्या शहरात असलो, तर कुणीच नाही.

मग ज्याला ऐकायचंच नाही त्याचं काय? न ऐकण्याचाही हक्क असतो, आणि तो मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. पण तो रुग्णाचा हक्क आहे, मुलाचा नाही. त्याला विचारता येतं: "हा झोपेचा आजार कधीकधी पुढच्या दुसऱ्या आजाराची सूचना असतो. त्याबद्दल तुम्हाला आज ऐकायचंय, नंतर कधी, की नकोच?" अर्ध्या मिनिटाचा प्रश्न आहे. तो प्रश्न न विचारता घेतलेला कुठलाही निर्णय, सांगण्याचा किंवा लपवण्याचा, मला जबरदस्तीच वाटते.

मी हा प्रश्न चार महिन्यांनी विचारला, तोही धीर करून नव्हे. आबा घरावर मजला चढवायचं म्हणत होते, त्यांची आणि आईची खोली वर, जिना बाहेरून, अरुंद. गवंड्याशी बोलणं झालं होतं. मला त्या जिन्याकडे बघवेना. संध्याकाळी ओट्यावर बसून मी विचारलं. आबा म्हणाले, "सांग. एवढे दिवस तुझं तोंड बघतोय मी."

मी सांगितलं. आकड्यांसकट, आणि सत्तावीस टक्क्यांसकट. पॅरिसच्या डॉक्टरांनी 2007 साली नोंदवलेली गोष्टही सांगितली: पार्किन्सन्सचे जे रुग्ण दिवसा पाय ओढत चालतात, पुटपुटतात, त्यांच्यातले आरबीडी असलेले लोक स्वप्नात मात्र झपाट्याने हात चालवतात आणि खणखणीत बोलतात. आबांना ते आवडलं. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी आजाराबद्दल काहीच विचारलं नाही. आत बघून हाक मारली, "अगं, तो ओठ कपाटानंच फुटला होता ना?"

आई बाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "राहू दे आता."

त्या रात्री आबांना झोप लागली नाही, पुढचे काही आठवडेही वाईट गेले. सकाळी पेपर धरताना ते हात न्याहाळायचे, हे मी पाहिलंय. सांगण्याची किंमत नसते असं मी म्हणणार नाही. पण मजला रद्द झाला, त्या पैशांत खालचं न्हाणीघर मोठं झालं आणि भिंतीला धरायला दांडा बसला. पलंग भिंतीपासून सरकवून बुटका केला, कडेचं टोकदार टेबल गेलं, आईची गादी हाताच्या टप्प्याबाहेर पण त्याच खोलीत लागली. आबांनी स्वतःच्या अक्षरात एक कार्ड लिहिलं, आजाराचं नाव आणि त्या इंजेक्शनबद्दल दोन ओळी, आणि पाकिटात एसटीच्या जुन्या ओळखपत्रामागे ठेवलं. भिशीच्या बायकांना आईने काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण आता त्या आबांशी नीट बोलतात.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो होतो. दार उघडून कंपाउंडरने विचारलं, "मुलगा कोण आहे?" आबा उठले, फाईल माझ्या हातातून घेतली, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, आणि आईला म्हणाले, "चल."